पंचवीस रिकाम्या फ्रेम

आधी माझ्या हुशारीबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच बिघडलं.

माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे, वाचनालयाच्या बरोब्बर समोर, रस्ता ओलांडला की झालं. लोक हल्ली पासपोर्टचे फोटोसुद्धा फोनवर काढतात, त्यामुळे मामा इमारतींचे फोटो काढायला लागला. आता इमारत म्हटली की तिच्यासमोर माणसं येणारच. कोणी पिशवी घेऊन चाललंय, कोणी दारातच चप्पल झटकतंय. आणि गिऱ्हाइकाला इमारत हवी असते, चप्पल नको असते. मग मामा रात्रंदिवस कॉम्प्युटरवर बसून एकेक माणूस माउसने पुसायचा. डोळे लालबुंद. आई म्हणायची, "दादा, तू फोटोग्राफर आहेस की मोलकरीण?"

मार्चमध्ये आमच्या गणिताच्या बाईंनी मध्यक शिकवला. वर्गातल्या पोरांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करा आणि बरोब्बर मधल्याला पुढं बोलवा, तो मध्यक. टोकाला एखादा ताडमाड उभा असला तरी मधल्याला काही फरक पडत नाही. सरासरीला पडतो, मध्यकाला नाही. मी बाकावरच उडाले. शेजारचीने विचारलं, मुंगी चावली का?

मुंगी नव्हे, मामा आठवला होता!

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट ठेवायचा. फोकस, प्रकाश, रंग सगळं हाताने एकदा ठरवून कुलूपबंद. मग दर दोन मिनिटांनी एक असे भरपूर फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत तोच एक ठिपका बघायचा, म्हणजे पिक्सेल. समजा तो पायरीचा ठिपका आहे. बहुतेक फोटोंत तो दगडी करडा असणार, एकदोन फोटोंत कोणाच्या लाल साडीचा, एखाद्यात काळ्या छत्रीचा. सगळ्या किमती रांगेत लावल्या की मधे कोण येणार? करडा! साडी आणि छत्री टोकाला जाऊन पडतात. असं प्रत्येक ठिपक्याचं केलं की रस्ता रिकामा. एकाही माणसाला हात न लावता.

आठ दिवस खटपट करून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्यांदा पंधरा फोटो टाकले, बटण दाबलं, आणि वाचनालयासमोरची माणसं फू करून गेली. मामा खुर्चीतून उठून उभा राहिला. म्हणाला, "भिंगरे, तू माझे डोळे वाचवलेस." (घरात मला भिंगरी म्हणतात. एका जागी बसवत नाही म्हणून.) दुसऱ्या दिवशी त्याने मला स्टुडिओची चावी दिली. माझी स्वतःची! मी ती गळ्यात घालून शाळेत गेले.

ती चावी करून दिली होती चावीवाल्या आजोबांनी. ते वाचनालयाच्या पायऱ्यांपाशी, कमानीच्या आत बसतात. एक घडीचं टेबल, त्यावर चावी पकडायचा शिकंजा, कानशी, आणि मागे खिळ्यांवर शेकडो कोऱ्या चाव्या. माझी आई शाळेत होती तेव्हापासून ते तिथंच आहेत.

त्या पहिल्या फोटोत सगळे गेले, पण आजोबा राहिले. जाणारच कसे? पंधराच्या पंधरा फोटोंत ते तिथंच होते. म्हणजे त्यांच्या ठिपक्यांच्या रांगेत मधे तेच उभे. फक्त एक गंमत झाली. त्यांचे हात सारखे हलत असतात, एकदा कानस, एकदा चावी, एकदा कपाळ. त्यामुळे हातांच्या जागी कुठल्याच ठिपक्यावर हाताला बहुमत मिळालं नाही. फोटोत टेबल होतं, आजोबा होते, हात नव्हते.

मी प्रिंट धावत जाऊन दाखवली. त्यांनी चष्मा वर केला.

"पोरी, माझे हात कुठं गेले?"

"तुम्ही हलवत होता ना, आजोबा. जे हलतं ते जातं, जे थांबतं ते राहतं."

"मग धंदा बंद करून बसू होय फोटोसाठी?" म्हणाले आणि परत कानस चालवायला लागले. पण प्रिंट त्यांनी घडी घालून खिशात ठेवली.

त्यानंतर महिन्याभराने मामाकडे मोठं काम आलं. वाचनालयाचं दर्शनी तोंड नवं करायचं होतं, कमानीत काचेचं दार बसवायचं होतं. आर्किटेक्ट साहेब स्वतः स्टुडिओत आले, कोल्ड कॉफीच्या रंगाचा शर्ट, बोलताना बोटाने हवेत भिंती काढायचे. त्यांनी सांगितलं, समितीला जागेचा आहे तसा फोटो लागतो. हाताने काही पुसलेलं चालणार नाही, तसं लेखी द्यावं लागतं. आणि समितीचा नियम असा की जागेवर कायम बसणारं कोणी असेल तर नव्या नकाशात त्याची जागा राखायची.

मामाने माझ्याकडे बघून डोळा मारला. "साहेब, आमच्याकडे पुसावं लागतच नाही. आमची भाची गणिताने माणसं घालवते."

मी इतकी फुगले की शर्टाचं बटण तुटलं असतं. साहेबांनी विचारलं, "आणि जो उठतच नाही त्याचं काय?"

"तो राहणार," मी म्हणाले. "तो जायचा तर निम्म्याहून जास्त फोटोंत तो नसायला हवा. पंचेचाळीस काढले तर तेवीसमध्ये तरी नको."

कोणी विचारलंही नसताना आकडासुद्धा मीच दिला.

फोटोचा दिवस रविवार. आभाळ भरलेलं, म्हणजे उत्तम, कारण ऊन असलं की दीड तासात सावल्या सरकतात. मामाने स्टुडिओसमोरच्या फुटपाथवर ट्रायपॉड लावला, पायांना वाळूच्या पिशव्या अडकवल्या, साडेदहाला टायमर चालू केला. दर दोन मिनिटांनी खट्ट. मी शेजारी उड्या मारत उभी. सुमारे अर्ध्या तासाने मामा म्हणाला,

"भिंगरे, एक काम करशील? त्या म्हाताऱ्याचा एक चांगला पोर्ट्रेट काढ. स्टुडिओत नेऊन, टेबलासकट. मागे पडदा, बाजूने खिडकीचा उजेड. आयुष्यभर दुसऱ्यांची कुलपं उघडतोय, त्याचा एक फोटो नको?"

"मी? एकटीने?"

"आज तू फोटोग्राफर. मोठा कॅमेरा घे."

"पण मग इथं कमान रिकामी दिसेल ना? आजोबा कायमचे आहेत."

"तोवर मी हा थांबवतो. तुम्ही परत आलात की पुढं चालू."

मोठा कॅमेरा! मी रस्ता ओलांडला की उडाले, आठवत नाही. आजोबा आधी नाही म्हणाले, गिऱ्हाईक येईल म्हणाले. मी हात जोडले, पाय धरले, शेवटी म्हटलं टेबल मी उचलते. ते हसले. "उचल मग. जड आहे." खरंच जड होतं. एका बाजूने मी, एका बाजूने ते, मधे चाव्या खुळखुळ करत. खिळ्यांवरच्या चाव्यासुद्धा मामाने आणायला सांगितल्या होत्या. शोभेला.

माझा पहिला पोर्ट्रेट! आजोबांना कानस धरायला लावली, मग सोडायला लावली. खिडकीशी बसवलं, पडद्याशी बसवलं. मामाचा फोन आला, "घाई करू नकोस हं. चहा मागव त्यांना." परत फोन, "टेबलाच्या या बाजूने बघ, त्या बाजूने बघ." तिसऱ्यांदा फोन, "अजून दोनतीन घे, डोळे मिटलेले निघतात." मला वाटलं, किती जीव लावतो हा माझ्या कामात! बाराला आम्ही टेबल परत नेलं तर मामा ट्रायपॉड मिटत होता. म्हणाला, झालं होतं आपलं, आधीचेच पुरले.

संध्याकाळी मी म्हटलं, मी प्रोग्राम चालवते. तर म्हणाला, "तुझी परीक्षा आहे. मला करू दे, गुरूने शिकवलंय की मला." गुरू म्हणाला मला. मी पाघळले आणि भूगोल उघडून बसले.

पोर्ट्रेट सुंदर आला. मामाने फ्रेम करून आजोबांना दिला. त्यांनी तो कमानीत, चाव्यांच्या मधोमध टांगला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "हा या पोरीने काढलाय. हात आहेत बघा यात."

तीन आठवड्यांनी मी पुस्तक बदलायला वाचनालयात गेले. सूचना फलकावर नवा नकाशा लावला होता, शेजारी फोटो, आणि फोटोखाली बारीक अक्षरात मामाचं नाव. त्याखाली, "छायाचित्रण साहाय्य", आणि पुढं माझं पूर्ण नाव, आडनावासकट! छापील! मी तिथंच किंचाळले. ग्रंथपाल बाईंनी शू केलं. मी फोन काढला, आईला पाठवायला फोटोचा फोटो काढला, आणि पाठवण्याआधी मोठा करून बघितला.

कमान रिकामी होती.

टेबल नाही, आजोबा नाहीत, चाव्या नाहीत. फक्त भिंतीतले खिळे. फोटोखाली लिहिलं होतं, "कोणताही भाग हाताने पुसलेला नाही", आणि मामाची सही. नकाशात त्या जागी काचेचं दार. पुढच्या शनिवारी हरकतींची बैठक होती.

मी फोन खिशात ठेवला. आईला पाठवला नाही.

मामा जेवायला घरी गेला होता. मी गळ्यातल्या चावीने स्टुडिओ उघडला, फोल्डर उघडलं. पंचेचाळीस फोटो, मधे एकही खंड नाही, दर दोन मिनिटांनी एक. साडेदहा ते अकरा अठ्ठावन्न. कॅमेरा थांबलाच नव्हता. पहिल्या एकोणीस फोटोंत आजोबा बसलेले. विसाव्यात मी आहे. वाकलेली, टेबलाची एक बाजू धरलेली, तोंडभर हसत. एकविसाव्यापासून शेवटपर्यंत कमान रिकामी. मी बोटांनी मोजलं, मग परत मोजलं. पंचवीस.

तेवीस पुरले असते. मामाने दोन जास्तीचे घेतले होते. "अजून दोनतीन घे."

मामा दात कोरत आला. स्क्रीन बघितली आणि दारातच थांबला.

"तू म्हणालास कॅमेरा थांबवतो."

"बस आधी."

"तू म्हणालास थांबवतो!"

"अगं, साहेबांकडे पुढच्या पाच इमारती आहेत. स्टुडिओ चालायला नको? म्हाताऱ्याला दुसरीकडे बसता येतं. टेबल घडीचंच आहे की."

"तू त्यांना पुसलंस."

"मी?" त्याने दोन्ही हात वर केले. "एक तरी ब्रश फिरवला का? तपास फाइल. जे हलतं ते जातं, जे थांबतं ते राहतं. कोणाचं वाक्य आहे हे?"

माझंच होतं. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मला वाटलं होतं मी रडेन, पण रडू आलं नाही. एवढंच डोक्यात आलं की त्या दिवशीचे तीन फोन मी तिघींना सांगितले होते वर्गात. मामा माझ्यासाठी किती करतो बघा, म्हणून.

"आणि माझं नाव कशाला टाकलंस?"

"तुला आवडेल म्हणून," मामा म्हणाला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मला वाटतं, ते खरं होतं.

मी सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेतले. त्याने अडवलं नाही. त्याला वाटलं नसावं की मी काही करेन.

आजोबांना सांगायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी पायरीवर बसून एका दमात सगळं सांगितलं. आकडा मी दिला, टेबल मी उचललं, सगळं. ते चावी घासत होते, थांबले नाहीत.

"किती वेळ होतो मी तिकडं?"

"पन्नास मिनिटं."

"हं." फुंकर मारून त्यांनी चावीवरचा भुगा उडवला. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुझ्या मामाने आजवर कधी कोणाला चहा पाजलाय?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"शनिवारी बैठकीला चला, आजोबा. मी दाखवते सगळ्यांना. फक्त पोर्ट्रेट बरोबर घ्या."

"आता तोही नेणार?"

हे ऐकून मात्र मला रडू आलं. पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हातातली चावी खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "आणतो. काच सांभाळ."

बैठक वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होती. लांब टेबलामागे समितीचे सचिव, निवृत्त हेडमास्तर. समोर वीसेक खुर्च्या. आर्किटेक्ट साहेब पहिल्या रांगेत, त्यांच्यामागे मामा. मला बघून मामाने भुवया उडवल्या, शाळेच्या गॅदरिंगला बघतो तशा.

मी लॅपटॉप उघडला. पहिले एकोणीस फोटो टाकले, बटण दाबलं. पडद्यावर रिकाम्या पायऱ्या, आणि कमानीत आजोबा, बिनहाताचे. हॉलमध्ये कुजबुज झाली. मग पंचेचाळीस टाकले. बटण दाबलं. आजोबा गेले. फलकावरचा फोटो, हुबेहूब.

"म्हणजे हा फोटो खोटा आहे?" सचिवांनी विचारलं.

"नाही सर. एकेक फोटो खरा आहे. पण पंचवीस फोटो निघेपर्यंत आजोबांना तिथून हलवलं होतं. माझ्याकडून. फोटो काढायला म्हणून."

मामा उभा राहिला. हसत होता. "सर, पोरगी आहे. गणितात नवीन काहीतरी शिकलीय, ते दाखवायची हौस. माणूस काय, उठून गेला असेल कुठंतरी. मी कशाला हलवीन?"

पोरगी आहे. त्याने गुरू म्हटलं होतं मला!

"फाइलमधली वेळ काय, बदलता येते," साहेबही म्हणाले. "ही मुलं काहीही करू शकतात कॉम्प्युटरवर."

मी आजोबांकडे गेले. त्यांनी फ्रेम माझ्या हातात दिली नाही. स्वतः उठले, सचिवांच्या टेबलावर पालथी ठेवली, आणि मागचे चार बारीक खिळे चिमट्याने काढले. सावकाश, एकेक. पुठ्ठा बाजूला केला.

आमच्या स्टुडिओची एक पद्धत आहे, मामाच्या बाबांपासूनची. प्रत्येक प्रिंटच्या मागे शिक्का मारायचा आणि पेनने फोटो काढल्याची तारीख, वेळ लिहायची. कोणाचाही फोटो असो, चुकत नाही. मामा ते न बघता करतो, कपाळाला हात लावावा तसं.

सचिवांनी चष्मा पुसून वाचलं. "रविवार, तारीख अमुक. अकरा चौतीस. हे अक्षर कोणाचं?"

"मामाचं," मी म्हणाले. मी पडद्यावर तेहतिसावी फ्रेम लावली. अकरा चौतीस. कमान रिकामी, खिळे रिकामे. सचिवांनी प्रिंट सुलट केली. खिडकीचा उजेड, टेबल, मागे चाव्यांची अख्खी भिंत, आणि आजोबा, हातांसकट.

"टेबल घेऊन, चाव्या घेऊन उठून गेले कुठंतरी?" सचिव म्हणाले. हेडमास्तरांचाच आवाज होता तो. मामा खाली बसला.

सचिवांनी लिहून घेतलं. फोटो बाद. दुसऱ्या फोटोग्राफरकडून नवा फोटो, दिवसभराचा. तोवर नकाशा थांबवा. आर्किटेक्ट साहेबांनी मामाकडे न बघता फाइल काखेत मारली आणि गेले.

जिन्यात मामाने मला गाठलं. मला वाटलं ओरडेल. त्याने नुसता हात पुढं केला.

"चावी."

मी गळ्यातून काढली. दोरा केसांत अडकला तर तो सोडवायला त्याचा हात पुढं आला, सवयीने, आणि मधेच मागे गेला. मी ओढून तोडला. चावी त्याच्या हातावर ठेवली. तो गेला. मागून आजोबा टेकत टेकत उतरत होते. त्यांनी बघितलं, दुसरी करून देऊ का असं विचारलं नाही. ते अजून माझ्याशी मोजकंच बोलत होते.

नवा फोटो पुढच्या रविवारी निघाला. फोटोग्राफर ताई दुसऱ्या गावाहून आल्या होत्या. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत, ढगाळ वेळेचेच फोटो धरणार म्हणाल्या. मी दिवसभर आजोबांच्या खालच्या पायरीवर बसले. मी! एका जागी! आजोबांनी दुपारी न बोलता आपल्या डब्यातला अर्धा भाग माझ्यापुढे सरकवला. मग विचारलं, "हात यायला काय करावं लागतं म्हणालीस?"

"निम्म्याहून जास्त वेळ हलवायचे नाहीत."

"जाऊ दे मग," म्हणाले आणि कानस उचलली.

फोटो आता फलकावर लागलाय. रस्ता रिकामा, कमानीत आजोबा, बिनहाताचे. नकाशात काचेचं दार चार फूट डावीकडे सरकलंय. खालच्या पायरीवर मी आहे, पण माझा चेहरा फिसकटलाय, कारण मी सारखी मान वळवून रस्त्याकडे बघत होते. त्या दिवशी मामा तीन वेळा समोरून गेला. मी मोजलं. तिन्ही वेळा त्याने बघितलं.

फोटोत तो नाही. थांबला नव्हता ना.